आयपीओ 20 पट भरला, तरी तुमची संधी आठात एक: अर्ज, लॉटरी आणि लिस्टिंग गेन नीट समजून घेऊ

आयपीओच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आकडा येतो: रिटेल, म्हणजे छोट्या गुंतवणूकदारांचा, हिस्सा 20 पट भरला. लगेच हिशोब होतो की वीस जणांत एकाला लागणार. हा हिशोब चुकीचा आहे. तो का चुकतो हे कळलं, की किती लॉटचा, म्हणजे शेअरच्या ठरलेल्या गठ्ठ्यांचा, अर्ज करायचा, घरातून किती अर्ज टाकायचे आणि किती पैसे अडकवायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. इथे विषय फक्त मेनबोर्ड आयपीओचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या इश्यूचा आहे. एसएमई आयपीओत किमान अर्जच 2 लाख रुपयांच्या वर जातो आणि तिथली गणितं वेगळी आहेत.

अर्जापूर्वी: पॅन, डिमॅट, बँक एकाच माणसाचे

सेबीच्या नियमानुसार 2 लाख रुपयांपर्यंतचा अर्ज करणारी व्यक्ती म्हणजे रिटेल गुंतवणूकदार. किमान अर्ज साधारण 10 ते 15 हजारांच्या दरम्यान बसेल अशा बेताने कंपनी लॉट ठरवते. म्हणूनच कुठे 6 शेअरचा लॉट दिसतो, तर कुठे 214 चा. लॉट मोठा म्हणजे एका शेअरचा भाव कमी, पण कंपनी स्वस्तात मिळतेय असं समजायचं कारण नाही.

अर्जाला तीन गोष्टी लागतात: पॅन, डिमॅट खातं आणि बँक खातं. तिन्ही त्याच माणसाच्या नावावर हवीत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बायकोच्या डिमॅटमधून अर्ज भरला आणि यूपीआय आयडी नवऱ्याचा दिला, की तो अर्ज तृतीय पक्षाच्या पैशांचा ठरून बाद होतो. यूपीआयचं मँडेट, म्हणजे पैसे रोखून धरायची परवानगी, मंजूर झालेलं असतं, पैसे ब्लॉक झालेले असतात, ब्रोकरच्या अ‍ॅपवर हिरवी खूण असते, आणि तरीही तो अर्ज लॉटरीत जात नाही. पुढे ‘अलॉट झाले नाही’ असं दिसतं तेव्हा माणूस नशिबाला दोष देतो.

जॉइंट डिमॅट असेल तर पहिल्या धारकाचं पॅन धरलं जातं. खात्याचं केवायसी अपुरं असेल किंवा पॅन आधारशी जोडलेलं नसल्यामुळे निष्क्रिय झालं असेल, तर आधी ते दुरुस्त करा. या गोष्टी इश्यू उघडल्यावर तीन दिवसांत उरकत नाहीत.

कंपनीबद्दल सगळं माहितीपत्रकात, म्हणजे रेड हेरिंग प्रॉस्पेक्टसमध्ये असतं. ते चारशे-पाचशे पानांचं असतं आणि कुणी सगळं वाचत नाही. पण दोन गोष्टी बघायलाच हव्यात. पहिली, इश्यूतला पैसा कंपनीकडे जातोय की जुने भागधारक आपले शेअर विकून बाहेर पडतायत. दुसरी, रिटेलचा वाटा किती आहे. नफ्याचे निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांच्या बुक बिल्ट, म्हणजे बोलींवरून भाव ठरणाऱ्या, इश्यूत रिटेलला किमान 35 टक्के वाटा असतो. ते निकष पूर्ण न करणाऱ्या कंपन्यांना किमान 75 टक्के शेअर संस्थांना द्यावे लागतात आणि रिटेलला कमाल 10 टक्केच उरतात. अशा इश्यूत लॉट लागणं मुळातच अवघड असतं. नव्या पिढीच्या, अजून तोट्यात असलेल्या कंपन्या बहुधा या दुसऱ्या गटात येतात.

अर्ज भरताना

रस्ते दोन आहेत. ब्रोकरच्या अ‍ॅपमधून यूपीआयने, किंवा बँकेच्या नेटबँकिंगमधून थेट ‘अस्बा’ने. पैसे दोन्हीकडे खात्यातच राहतात. फक्त ब्लॉक होतात, कापले जातात ते शेअर लागले तरच. बचत खात्यावर त्या दिवसांचं व्याजही सुरू राहतं. 2016 पासून चेकने पैसे भरायची पद्धत पूर्ण बंद झाली, ती या व्यवस्थेमुळे.

अ‍ॅपमध्ये आयपीओ विभागात इश्यू निवडा, गुंतवणूकदाराचा प्रकार ‘इंडिव्हिज्युअल’ ठेवा, लॉटची संख्या टाका, ‘कट-ऑफ’वर टिक करा, यूपीआय आयडी भरा आणि सबमिट करा.

यातली कट-ऑफची टिक महत्त्वाची. समजा, भावाचा पट्टा 228 ते 240 रुपयांचा आहे. कट-ऑफवर टिक म्हणजे ‘जो भाव ठरेल तो मला मान्य’. त्यासाठी वरच्या भावाने, म्हणजे 240 ने पैसे ब्लॉक होतात. अंतिम भाव कमी ठरला तर फरकाची रक्कम कापलीच जात नाही. टिक न करता 235 चा भाव टाकला आणि भाव 240 ठरला, तर अर्ज लॉटरीच्या आधीच बाजूला पडतो. मागणी असलेल्या इश्यूत भाव जवळपास नेहमी वरच्या टोकालाच ठरतो, त्यामुळे दहा-वीस रुपये वाचवायला जाऊन अर्ज घालवण्यात अर्थ नाही. कट-ऑफची ही सोय मोठ्या अर्जदारांना आणि संस्थांना नसते.

नेटबँकिंगने भरताना डिमॅट क्रमांक हाताने टाकावा लागतो. डिमॅट खाती सांभाळणाऱ्या दोन संस्थांपैकी सीडीएसएलचं खातं असेल तर 16 आकडी क्रमांक असतो. एनएसडीएलचं असेल तर IN आणि सहा आकडे हा डीपी आयडी, त्यापुढे आठ आकडी क्लायंट आयडी. एक आकडा चुकला की पॅन आणि डिमॅट जुळत नाहीत आणि अर्ज रद्द. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये हा क्रमांक आपोआप येतो, म्हणून नवख्या माणसाला तोच रस्ता सोपा. पण यूपीआय वारंवार अडतं अशी बँक असेल तर नेटबँकिंग जास्त भरवशाचं, कारण तिथे मँडेटची वाट बघावी लागत नाही.

सबमिट केल्यावर अर्ज एक्स्चेंजकडे जातो, पॅन आणि डिमॅट तपासले जातात आणि मग यूपीआय अ‍ॅपवर मँडेटची विनंती येते. कधी पाच मिनिटांत, कधी दोन तासांनी. सूचना आली नाही तरी अ‍ॅपमधल्या मँडेट विभागात जाऊन बघा, बऱ्याचदा ती तिथे बसलेली असते. रक्कम आणि इश्यूचं नाव तपासा, पिन टाका, आणि बँकेचा ‘रक्कम ब्लॉक झाली’ हा एसएमएस येईपर्यंत काम संपलं असं धरू नका. शेवटच्या दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत मँडेट मंजूर झालं नाही तर अर्ज गेला. ब्रोकर त्याच्याही आधी अर्ज घेणं थांबवतात.

अर्ज कोणत्या दिवशी करायचा? लॉटरीत आधी आला त्याला आधी, असा प्रकार नाही. पहिल्या दिवशी 10 वाजून 1 मिनिटाने भरलेला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी भरलेला, दोन्ही अर्ज सारखे. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी भरणं शहाणपणाचं. मोठ्या संस्थांच्या बोली बहुधा शेवटच्या दिवशी येतात, पण दुसऱ्या दिवसअखेर सूर कळलेला असतो, आणि मँडेट अडकलं तर ते काढून पुन्हा भरायला हातात चार-पाच तास उरतात. मत बदललं तर रिटेल अर्जदार इश्यू बंद होईपर्यंत अर्ज मागेही घेऊ शकतो.

लॉटरी: एक इश्यू आकड्यांत

आता एक काल्पनिक इश्यू घेऊ. भावाचा पट्टा 228 ते 240, लॉट 62 शेअरचा. म्हणजे एका लॉटला 14,880 रुपये. इश्यू सुमारे 425 कोटींचा, त्यात रिटेलसाठी 62 लाख शेअर राखीव. 62 लाखांना 62 ने भागलं की 1 लाख लॉट. जास्तीत जास्त किती रिटेल अर्जदारांना शेअर लागू शकतात, ती संख्या हीच: 1 लाख माणसं.

अर्ज आले 8,40,000. त्यातले 40,000 तपासणीत बाद झाले. कुठे एकाच पॅनवर दोन अर्ज, कुठे पॅन जुळलं नाही, कुठे खातं दुसऱ्याचं. बाद झालेले सगळे एका लॉटचे होते असं धरू. उरलेल्या 8 लाख वैध अर्जांपैकी 7 लाखांनी एकेक लॉट मागितला आणि 1 लाखाने पूर्ण 13 लॉट. 13 च का? 13 लॉटचे 1,93,440 रुपये होतात, चौदावा घेतला की 2 लाखांची मर्यादा ओलांडली जाते.

वैध अर्जांची मागणी किती झाली? 7 लाख अधिक 13 लाख, म्हणजे 20 लाख लॉट. टीव्हीवरच्या आकड्यात बाद झालेले 40,000 लॉटही असतात, त्यामुळे तिथे 20.4 पट दिसतं. पण लॉटरी लॉटची होत नाही, अर्जांची होते. 8 लाख अर्ज आणि 1 लाख लॉट, म्हणजे आठात एक. संधी साडेबारा टक्के.

आणि ज्याने 1,93,440 रुपये ब्लॉक करून 13 लॉट मागितले, त्याची संधीही तेवढीच, साडेबारा टक्के. लागला तर त्यालाही एकच लॉट. वैध अर्ज लॉटच्या संख्येपेक्षा जास्त असले, की प्रत्येक विजेत्याला किमान लॉट आणि बाकीच्यांना काहीच नाही, हा नियम सेबीने 2012 मध्ये आणला. त्याआधी जास्त लॉट मागणाऱ्याचं पारडं जड असायचं. घरातले वडीलधारे अजूनही ‘जास्त लॉटचा भर, म्हणजे लागेल’ असं सांगतात ते त्या जुन्या काळच्या अनुभवावरून. आज मागणी असलेल्या इश्यूत दुसरा लॉट भरणं म्हणजे नुसते पैसे अडकवणं.

जास्त लॉटचा उपयोग फक्त एका परिस्थितीत होतो. वरच्याच इश्यूला समजा वैध अर्ज 80,000 च आले, पण मागणी 1,60,000 लॉटची होती. टीव्ही सांगेल 1.6 पट भरला. इथे लॉटरी होणारच नाही. प्रत्येकाला एक लॉट आधी मिळेल, आणि उरलेले 20,000 लॉट ज्यांनी जास्त मागितले त्यांच्यात प्रमाणात वाटले जातील. पण जिथे शेअर असा सहज हाती येतो, तो इश्यू बाजाराने फारसा मागितलेला नसतो. तिथे जास्त लॉट मिळाले याचा आनंद किती मानायचा, ते पुढे बघू.

तेव्हा बघायचा आकडा ‘किती पट’ हा नाही, तर ‘रिटेलमध्ये अर्ज किती’ हा. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत तो बहुधा मिळतो. रिटेलच्या शेअरना लॉटने भागा, त्याने अर्जांची संख्या भागा. दहा सेकंदांचं काम.

वाटपाचा तक्ता म्हणजे ‘बेसिस ऑफ अलॉटमेंट’. तो रजिस्ट्रार कंपनी तयार करते आणि एक्स्चेंजशी सल्लामसलत करून अंतिम होतो. कुणाला लागणार हे संगणक ठरवतो. ब्रोकर कोण, बँक कुठली, मागच्या दहा इश्यूत काही लागलं नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

घरातून चार अर्ज

संधी वाढवायचा सरळ मार्ग म्हणजे वेगवेगळ्या पॅनवर अर्ज. स्वतःचा, बायकोचा, आईचा, वडिलांचा. प्रत्येकाचं डिमॅट वेगळं, बँक खातं वेगळं, यूपीआय वेगळं. हिंदू अविभक्त कुटुंबाचं पॅन असेल तर तोही एक स्वतंत्र अर्ज. एका पॅनवर दोन डिमॅटमधून दोन अर्ज टाकले तर मात्र दोन्ही बाद होतात. ‘कुठला तरी एक लागेल’ ही युक्ती चालत नाही.

वरच्या उदाहरणात चार अर्ज टाकले तर संधी आठात चार, म्हणजे निम्मी होते का? नाही. एक अर्ज न लागण्याची शक्यता आठात सात. चारही न लागण्याची शक्यता 0.875 चा चौथा घात, म्हणजे सुमारे 0.59. निदान एक लागण्याची शक्यता उरते 41 टक्के. चार अर्जांना 59,520 रुपये ब्लॉक होतात. तेरा लॉटवाल्याचे 1,93,440 अडकून संधी साडेबारा टक्केच राहते, हे आठवून बघा.

दुसरा मार्ग कमी लोक वापरतात: भागधारकांचा कोटा. मोठ्या नोंदणीकृत कंपनीच्या उपकंपनीचा इश्यू असेल, तर पालक कंपनीच्या भागधारकांसाठी कधी कधी वेगळा हिस्सा ठेवतात. टाटा टेक्नॉलॉजीजमध्ये टाटा मोटर्सच्या आणि बजाज हाउसिंग फायनान्समध्ये बजाज फायनान्स व बजाज फिनसर्व्हच्या भागधारकांसाठी तो होता. माहितीपत्रक दाखल होण्याच्या तारखेला पालक कंपनीचा एक शेअर डिमॅटमध्ये असला तरी पुरतो. एकाच पॅनवर रिटेलमधून एक आणि भागधारक म्हणून दुसरा, असे दोन अर्ज तेव्हा चालतात. पण माहितीपत्रक आल्यावर शेअर घ्यायला धावून उपयोग नाही, तारीख निघून गेलेली असते.

लागला का, हे कुठे बघायचं

डिसेंबर 2023 पासून इश्यू बंद झाल्यावर कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी लिस्टिंग होतं. समजा, गुरुवारी बंद झाला. शुक्रवारी संध्याकाळी वाटप ठरतं, सोमवारी न लागलेल्यांचे पैसे सुटतात आणि लागलेल्यांच्या डिमॅटमध्ये शेअर येतात, मंगळवारी सकाळी लिस्टिंग. मध्ये सुटी आली तर तेवढं पुढे सरकतं.

निकाल रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर पॅन किंवा अर्ज क्रमांक टाकून दिसतो. केफिन टेक्नॉलॉजीज आणि एमयूएफजी इनटाइम ही त्यातली मोठी नावं. कुठला रजिस्ट्रार आहे ते माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असतं. मोठ्या इश्यूच्या संध्याकाळी ही संकेतस्थळं हमखास गचकतात. तेव्हा बीएसईच्या संकेतस्थळावर बघा, किंवा सरळ बँकेच्या एसएमएसची वाट बघा. 14,880 रुपये कापल्याचा मेसेज आला तर लागला. मँडेट रद्द झाल्याचा आला तर नाही. बऱ्याचदा हा मेसेज रजिस्ट्रारच्या पानाआधी येतो.

निकालात नुसतं शून्य न दिसता अर्ज बाद झाल्याचं कारण दिसलं, तर ते वाचून ठेवा. तीच चूक पुढच्या प्रत्येक अर्जात चालू राहणार असते.

पैसे ठरल्या दिवशी सुटले नाहीत तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, अर्ज क्रमांक आणि मँडेटचा क्रमांक देऊन. उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये किंवा ब्लॉक रकमेवर वार्षिक 15 टक्के व्याज, यातलं जे जास्त असेल ते देण्याचा सेबीचा नियम आहे. 14,880 रुपयांवर 15 टक्क्यांनी दिवसाला सहाएक रुपये होतात, म्हणजे छोट्या अर्जदाराला 100 रुपयांचाच हिशोब लागू होतो. मागितल्याशिवाय ते मिळतील अशी आशा ठेवू नका.

लिस्टिंगची सकाळ

लिस्टिंगच्या दिवशी सकाळी 9 वाजता त्या शेअरसाठी खास प्री-ओपन सत्र सुरू होतं. विकणारे आणि घेणारे आपापले भाव टाकतात, आणि ज्या एका भावाला सर्वाधिक शेअरचा सौदा जुळतो तो लिस्टिंगचा भाव ठरतो. 10 वाजता नेहमीचे व्यवहार सुरू होतात. ऑर्डर टाकायची मुदत कागदोपत्री 9.45 पर्यंत आहे, पण 9.35 नंतर सत्र कधीही अचानक बंद होऊ शकतं. लिस्टिंगलाच विकायचं ठरवलं असेल तर 9.30 च्या आत ऑर्डर गेलेली बरी.

ऑर्डर लिमिट टाका आणि ज्याच्या खाली अजिबात विकायचं नाही तो भाव लिहा. तुम्ही 260 लिहिलं आणि लिस्टिंग 288 ला झालं, तर तुमचे शेअर 288 ला जातात, 260 ला नाही. प्री-ओपनमध्ये जुळणाऱ्या सगळ्यांना एकच भाव मिळतो.

इथे अडखळायची नेहमीची जागा म्हणजे डिमॅटमधून शेअर काढायची परवानगी. ब्रोकरकडे डीडीपीआय, म्हणजे ही परवानगी कायमची देणारं पत्र, दिलेलं नसेल तर विकताना सीडीएसएलचा टी-पिन आणि ओटीपी लागतो. पहिल्यांदाच विकणाऱ्याला टी-पिन आठवत नाही, नवा मागवेपर्यंत 9.40 होतात आणि भाव हातचा जातो. टी-पिन आदल्या दिवशी तयार ठेवा. शेअर डिमॅटमध्ये दिसतायत ना, हेही आदल्या रात्रीच बघा.

इश्यू 250 कोटींपेक्षा मोठा असेल तर पहिल्या दिवशी ठरलेल्या भावाच्या वर-खाली 20 टक्क्यांचं सर्किट असतं, म्हणजे त्यापलीकडे भाव जाऊ शकत नाही. त्याहून लहान असेल तर पहिले 10 दिवस ट्रेड-टू-ट्रेड, म्हणजे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही, आणि 5 टक्क्यांचं सर्किट. लहान इश्यू खालच्या सर्किटला अडकला, की विकायचं म्हटलं तरी घेणारा नसतो.

लिस्टिंग गेन म्हणजे नेमका किती

इश्यूचा भाव आणि लिस्टिंगचा भाव यातला फरक म्हणजे लिस्टिंग गेन. विकला तरच तो तुमचा. आपल्या उदाहरणात शेअर 20 टक्के वर, 288 ला लागला, तर 48 गुणिले 62, म्हणजे 2,976 रुपये. त्यातून ब्रोकरेज, एसटीटी आणि डीपीचे शुल्क मिळून थोडे रुपये जातात. त्यावर अल्पकालीन भांडवली नफ्याचा 20 टक्के कर आणि 4 टक्के सेस, म्हणजे सुमारे 619 रुपये. हातात 2,300 च्या आसपास उरतात. आणि हे आठ अर्जांत एकदा. एका अर्जामागे सरासरी तीनशेच्या आत.

टाटा टेक्नॉलॉजीजसारखी उदाहरणं यामुळेच सगळ्यांच्या तोंडी राहतात. नोव्हेंबर 2023 मध्ये 500 चा शेअर 1,200 ला लिस्ट झाला, 30 च्या लॉटमागे 21,000 रुपये. सप्टेंबर 2024 मध्ये बजाज हाउसिंग 70 चा 150 ला उघडला, 214 च्या लॉटमागे 17,120. मात्र लॉट न लागलेल्यांची संख्या लागलेल्यांच्या कितीतरी पट होती.

आता दुसरी बाजू. पेटीएमचा इश्यू नोव्हेंबर 2021 मध्ये 2,150 ला आला, रिटेल हिस्सा दुपटीलाही पोचला नव्हता. शेअर एनएसईवर 1,950 ला उघडला आणि त्याच दिवशी 1,560 च्या आसपास बंद झाला. 6 च्या लॉटमागे उघडतानाच 1,200 रुपये तोटा, संध्याकाळी 3,500 च्या वर. एलआयसी मे 2022 मध्ये 949 ला आली, रिटेलला 45 रुपयांची सवलत धरून 904. एनएसईवर 872 ला उघडली. ऑक्टोबर 2024 चा ह्युंदाईचा इश्यू देशातला तोवरचा सगळ्यात मोठा, 27,870 कोटींचा. रिटेल हिस्सा पूर्ण भरलाच नाही, वैध अर्ज केला त्या सगळ्यांना शेअर मिळाले, आणि 1,960 चा शेअर 1,934 ला उघडला.

लॉटरीचं खरं स्वरूप इथे दिसतं. जिथे नफ्याची शक्यता मोठी असते, तिथे गर्दी होते आणि तुम्हाला काही लागत नाही. जिथे सहज लागतो, तिथे बहुतेकदा बाकीच्यांनी पाठ फिरवलेली असते. त्यामुळे ‘सरासरी आयपीओ इतके टक्के वर लिस्ट झाला’ हा आकडा तुमच्या खिशाबद्दल काही सांगत नाही. तुमच्या वाट्याला नफ्याचे इश्यू क्वचित आणि तोट्याचे हमखास येतात. म्हणून सगळ्याच इश्यूला डोळे झाकून अर्ज टाकणारा माणूस शेवटी वाटतं त्यापेक्षा कितीतरी कमी कमावतो. इश्यू बंद व्हायच्या दिवशी संस्थांचा हिस्सा जेमतेम भरलेला दिसत असेल, तर रिटेल अर्ज तेव्हाही मागे घेता येतो. 5 वाजेपर्यंत.

ग्रे मार्केट प्रीमियम, म्हणजे जीएमपी, सगळे बघतात. तो नोंदणी नसलेल्या, तोंडी चालणाऱ्या सौद्यांचा भाव आहे. त्यावर सेबीचं नियंत्रण नाही आणि थोड्या सौद्यांत तो हलवता येतो. बाजाराचा मूड म्हणून बघा, पण अर्ज करायचं एकमेव कारण तो असू नये.

कराचं एक राहिलं. 12 महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 20 टक्के दर आहे, 12 महिन्यांनंतर विकल्यास 12.5 टक्के, तोही वर्षाच्या 1.25 लाखांच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर. बायकोच्या खात्यात तुम्ही भेट म्हणून पैसे टाकून तिच्या नावाने शेअर घेतला, तर तो नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. आणि पगारदार माणसाने वर्षात एक लॉट जरी लिस्टिंगला विकला, तरी नेहमीचा आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावा लागतो. तो सौदा तुमच्या वार्षिक माहिती विवरणात आधीच आलेला असतो.